तुलना कशाशी? : नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा हिशेब

आरोग्य कार्यक्रमांच्या आर्थिक मूल्यमापनात दोन पद्धती शेजारी शेजारी वावरतात आणि त्यांची नावे इतकी मिळतीजुळती आहेत, की जिल्हा पातळीवरच्या टिपणांत एकीच्या जागी दुसरीचे नाव सर्रास वापरले जाते. पहिली म्हणजे खर्च-परिणामकारकता विश्लेषण. यात खर्च रुपयांत मोजला जातो, पण फलित रुपयांत न आणता त्याच्या स्वतःच्या एककात ठेवले जाते, म्हणजे टळलेले मृत्यू, वाढलेली आयुष्य-वर्षे किंवा बरे झालेले रुग्ण अशा रूपात. दुसरी म्हणजे खर्च-लाभ विश्लेषण. यात वाचलेल्या जिवालाही रुपयांत किंमत दिली जाते आणि मग दोन्ही बाजू एकाच मापाने मोजून निव्वळ लाभ काढला जातो. व्याख्या म्हणून एवढा फरक पुरेसा आहे. मात्र प्रत्यक्ष कार्यक्रमांचे खर्च गोळा करण्याच्या आणि त्यांची गुणोत्तरे मांडण्याच्या कामात काही काळ घालवल्यानंतर प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात आलेली गोष्ट अशी, की या क्षेत्रातील बहुतेक गोंधळ एका प्रश्नाचे उत्तर न दिल्यामुळे होतात. तो प्रश्न म्हणजे : ही तुलना नेमकी कशाशी केली आहे?

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक गाजलेले उदाहरण घेणे सोयीचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नव्वदच्या दशकात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ३९ गावांत गावातल्याच प्रशिक्षित स्त्रिया घरोघर जाऊन नवजात बाळाला तपासत, त्याला ऊब देण्याची आणि अंगावर पाजण्याची पद्धत आईला दाखवत, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळावर उपचार करत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत त्या काळी उपलब्ध असलेल्या नेहमीच्या सेवाच चालू होत्या. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी प्रयोगक्षेत्रातील नवजात मृत्युदरात, तुलनाक्षेत्रातील बदल वजा जाता, सुमारे ६२ टक्के घट नोंदवली गेली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण गावातले उपचार सुरू होण्यापूर्वी १६.६ टक्के होते, ते नंतर २.८ टक्क्यांवर आले. या काळजीचा खर्च दर बाळामागे ५.३ अमेरिकी डॉलर इतका होता, आणि १९९७-९८ मध्ये दर १८ बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला, असे त्या लेखात म्हटले आहे.

या दोन आकड्यांचा गुणाकार केला तर एक मृत्यू टाळण्याचा खर्च सुमारे ९५ डॉलर येतो. हा आकडा त्यानंतर भाषणांत, प्रस्तावांत आणि प्रशिक्षणांत असंख्य वेळा आलेला आहे, आणि तो योग्यही आहे. मात्र तो योग्य का आहे, हे सांगण्याची तसदी फार थोडे जण घेतात. त्याचा छेद, म्हणजे टळलेले मृत्यू, नुसत्या आधी-नंतरच्या फरकावरून काढलेला नसून शेजारच्या ४७ गावांशी केलेल्या तुलनेवर उभा आहे, आणि त्याचा अंश, म्हणजे खर्च, हा आधीपासून चालू असलेल्या सेवांवर चढवलेल्या नव्या कामाचा खर्च आहे. अंश आणि छेद हे दोन्ही वाढीव आहेत, म्हणूनच या भागाकाराला वाढीव खर्च-परिणामकारकता गुणोत्तर म्हणता येते. इंग्रजी आद्याक्षरांवरून कार्यालयीन बोलण्यात याला ‘आयसर’ म्हणतात. नव्या पर्यायाच्या खर्चातून जुन्या पर्यायाचा खर्च वजा करायचा, नव्याच्या फलितातून जुन्याचे फलित वजा करायचे आणि पहिल्या वजाबाकीला दुसरीने भागायचे, इतकीच त्याची कृती आहे.

त्या आकड्यातील ‘मृत्यू’ या शब्दाकडेही एकदा नीट पाहिले पाहिजे, कारण लॅन्सेटमधील लेखात दर १८ बाळांमागे टळलेला मृत्यू हा गर्भाचा किंवा नवजात बाळाचा, असा धरलेला आहे. याचे कारण गावात काम केलेल्या कोणालाही पटेल. जन्मल्यावर न रडलेले, निळे पडलेले बाळ पूर्वी मृतजात म्हणून नोंदले जाई. कार्यकर्ती श्वास देण्याचे साधन घेऊन बाळंतपणाला हजर राहू लागली, की त्यातली काही बाळे वाचतात, तर काही थोडा वेळ जगून दगावतात आणि मग त्यांची नोंद नवजात मृत्यू म्हणून होते. केवळ नवजात मृत्यू मोजले तर चांगल्या कामामुळे आकडा वाढलेला दिसण्याचा धोका असतो, आणि केवळ मृतजन्म मोजले तर यशाचा आकडा फुगतो. दोन्ही एकत्र मोजले म्हणजे नोंदीची सीमा सरकल्याने निर्माण होणारी गडबड टळते. आयसरचा छेद असा नोंदवहीच्या रकान्यात घडतो, आणि तिथे शंका राहिली तर पुढचे सगळे गणित कितीही काटेकोर असले तरी त्याला अर्थ उरत नाही.

खर्चाची बाजू त्याहून सोपी असते, असा समज आहे. प्रत्यक्षात खर्च गोळा करणाऱ्याचा बराचसा वेळ कशाला खर्च म्हणायचे, हे ठरवण्यातच जातो. आज राज्यात आशा कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी ठरलेल्या दिवशी भेटी देते. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा आणि घरी जन्मलेल्याला सात भेटी असतात, आणि त्या सगळ्या पूर्ण केल्यावर तिला २५० रुपये मोबदला देण्याची तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. लेखा विभागाच्या वहीत खर्च २५० रुपये एवढाच दिसतो. मात्र पाड्यांमधले चालणे धरून एका भेटीला दोन तास लागतात, असे मानले तर सहा भेटींचे बारा तास, म्हणजे दीड दिवसाचे काम होते, आणि शेतमजुरीचा दर दिवसाला ३०० रुपये धरला तर त्या वेळाची किंमत ४५० रुपये येते. पहिल्या प्रकाराला वित्तीय खर्च म्हणतात, म्हणजे तिजोरीतून गेलेला पैसा. दुसऱ्याला आर्थिक खर्च म्हणतात, म्हणजे त्या कामात गुंतलेल्या साधनांची, ती दुसरीकडे वापरली असती तर मिळाली असती ती किंमत. परिणामकारकतेच्या अभ्यासात आर्थिक खर्च धरणे अपेक्षित असते. तरीही आशांच्या वेळाचा रकाना रिकामा ठेवून पाठवलेले तक्ते दुर्मीळ नाहीत, आणि कार्यक्रम स्वस्त दिसण्यामागचे कारण पुष्कळदा तेवढेच असते, असे म्हणावे लागते.

औषधाच्या बाबतीत हीच अडचण लहान प्रमाणात दिसते. जेंटामायसिनची ८० मिलीग्रॅमची कुपी दुकानात काही रुपयांना मिळते. साधारण अडीच किलोच्या बाळाला दिवसाला सुमारे १२ मिलीग्रॅम औषध लागते, म्हणजे कुपीचा सहावा-सातवा भाग. खर्च मोजणाऱ्याने मिलीग्रॅमचा हिशेब केला तर एका बाळाचा सात दिवसांचा उपचार जेमतेम एका कुपीचा ठरतो, आणि रोज नवी कुपी फोडून उरलेले औषध टाकले जाते असे धरले तर तोच उपचार सात कुप्यांचा होतो. कोणता हिशेब बरोबर, हे पुस्तकातून ठरत नाही. त्यासाठी उपकेंद्राची साठा नोंदवही काढून महिन्याभरात किती कुप्या गेल्या आणि किती बाळांवर उपचार झाले, हे समोरासमोर ठेवावे लागते. येथे रकमा किरकोळ असल्याने निष्कर्ष बदलत नाही. मात्र हीच सवय महागड्या लशीच्या बाबतीत, जिथे एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि मुले कमी जमली की उरलेल्या वाया जातात, तिथे गुणोत्तर लक्षणीय बदलू शकते.

आता मूळ प्रश्नाकडे, म्हणजे तुलनेच्या आधाराकडे वळता येईल. समजण्यासाठी एक काल्पनिक तालुका घेऊ, ज्यात वर्षाला १००० जन्म होतात. पुढील आकडे कोणत्याही ठिकाणचे नाहीत. केवळ गणिताचा ओघ दिसावा म्हणून ते सोयीने निवडले आहेत. पहिला पर्याय म्हणजे सध्या आहे ते चालू ठेवणे : त्याचा वार्षिक खर्च २ लाख रुपये आणि नवजात मृत्यू ४०. दुसरा पर्याय आशांच्या घरभेटींचा : एकूण खर्च ८ लाख, मृत्यू ३०. तिसरा पर्याय घरभेटींसोबत जंतुसंसर्गावर गावातच इंजेक्शन देण्याचा : खर्च १० लाख, मृत्यू २२. चौथा पर्याय या सगळ्यासह नवजात बालकांसाठी विशेष काळजी कक्ष उभारण्याचा : खर्च ३४ लाख, मृत्यू १८.

अशा पर्यायांची मांडणी करताना सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे प्रत्येक पर्यायाची तुलना ‘काही नवे न करण्याशी’ करणे. तसे केले तर चौथ्या पर्यायाने पहिल्याच्या तुलनेत ३२ लाख जादा खर्चून २२ मृत्यू टाळले, म्हणजे एका मृत्यूमागे सुमारे १ लाख ४५ हजार रुपये, असा आकडा येतो आणि तो सादरीकरणात शोभूनही दिसतो. पण निर्णय घेणाऱ्यासमोरचा प्रश्न तसा नसतो. त्याच्यासमोर तिसरा पर्यायही उपलब्ध आहे, आणि विशेष कक्षाने त्याच्यापलीकडे नेमके काय मिळते, हे त्याला जाणून घ्यायचे असते. तिसऱ्यावरून चौथ्यावर जाताना २४ लाख रुपये जादा लागतात आणि ४ मृत्यू टळतात, म्हणजे एका मृत्यूमागे ६ लाख. सरासरीत लपलेला हा चौपट फरक वाढीव गुणोत्तर उघड करते. या गोष्टीचा सर्वांत टोकाचा दाखला अमेरिकेतील न्यूहाउझर आणि लेविकी यांच्या १९७५ च्या लेखात मिळतो. आतड्याच्या कर्करोगासाठी शौचातील रक्त तपासण्याची चाचणी ओळीने सहा वेळा करण्याच्या शिफारशीचे गणित त्यांनी मांडले, तेव्हा दर सापडलेल्या रुग्णामागे सरासरी खर्च २४५१ डॉलर दिसत होता, आणि एकट्या सहाव्या चाचणीचा वाढीव खर्च ४ कोटी ७० लाख डॉलरांहून अधिक निघाला. त्यांच्या गृहीतकांवर पुढे टीका झाली, आणि ती बरीचशी रास्तही होती. पण सरासरीच्या आड काय दडू शकते, हे त्या लेखाने कायमचे दाखवून दिले.

काल्पनिक तालुक्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि ती अधिक उपयोगाची आहे. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना ६ लाख रुपयांत १० मृत्यू टळतात, म्हणजे एका मृत्यूमागे ६० हजार. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मात्र २ लाखांत ८ मृत्यू टळतात, म्हणजे एकामागे अवघे २५ हजार. खर्चाच्या चढत्या क्रमाने पर्याय मांडले असता पुढच्या पायरीचे गुणोत्तर मागच्या पायरीपेक्षा कमी निघाले, तर मधला पर्याय तुलनेतून वगळायचा, असा या शास्त्राचा नियम आहे आणि त्याला विस्तारित वर्चस्व म्हणतात. मधला पर्याय वगळल्यावर पहिला आणि तिसरा यांची थेट तुलना करायची : ८ लाख भागिले १८, म्हणजे सुमारे ४४ हजार ४०० रुपये. याचा व्यवहारातील अर्थ असा, की घरभेटींवर पैसा घालायचा ठरलेच असेल तर इंजेक्शनशिवायच्या घरभेटी हा विचारात घेण्याजोगा पर्याय राहत नाही, कारण कार्यकर्तीची निवड, प्रशिक्षण, तिची पिशवी, तिचे चालणे आणि तिच्यावरची देखरेख हा मोठा खर्च आधीच झालेला असतो आणि त्यावर औषध व सुई यांचा खर्च फार थोडा असतो. गडचिरोलीच्या प्रयोगाला बळ देणारे अर्थशास्त्र बहुधा असेच होते. शासकीय कार्यक्रमात आशांच्या भेटी सर्वदूर गेल्या, पण इंजेक्शनचा भाग त्यांच्या नेहमीच्या कामात आला नाही. त्यामागे सुरक्षिततेची, अधिकाराची आणि देखरेखीची खरी कारणे आहेत, हे मान्य करूनही त्या निर्णयाची किंमत कोणत्या पायरीवर मोजली गेली, असे विचारणे गैर नाही.

टळलेला मृत्यू हे एकक नवजात बाळांपुरते ठीक आहे, पण क्षयरोग, मोतीबिंदू आणि रक्तदाब यांचे कार्यक्रम एकमेकांशी ताडायचे असतील तर सामाईक एकक लागते. त्यासाठी आयुष्य-वर्षे, किंवा आयुष्याच्या गुणवत्तेने तोललेली वर्षे, किंवा अपंगत्वाने तोललेली वर्षे वापरली जातात. नवजात बाळाचा एक मृत्यू टळला म्हणजे सुमारे ७० वर्षांचे आयुष्य मिळाले, असे धरता येते; पण दूरच्या वर्षांना आजच्याइतके वजन न देता दरसाल ३ टक्के दराने सूट देण्याचा प्रघात आहे आणि तसे केल्यावर ७० ची सुमारे २९ वर्षे उरतात. मग तिसऱ्या पर्यायाचे गुणोत्तर एका आयुष्य-वर्षामागे सुमारे १५०० रुपये आणि चौथ्याचे वाढीव गुणोत्तर सुमारे २० हजार ७०० रुपये येते. भारतात २०१७ पासून केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाअंतर्गत आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा कार्यरत आहे, आणि तिच्यासाठी होणाऱ्या अभ्यासांत गुणोत्तर दरडोई सकल देशांतर्गत उत्पादनापेक्षा कमी असेल तर तो उपाय खर्च-परिणामकारक मानण्याची पद्धत आहे. ही मर्यादा दोन लाख रुपये धरली तरी दोन्ही पर्याय सहज पात्र ठरतात.

नेमक्या याच ठिकाणी गुणोत्तराचा दुरुपयोग सुरू होतो. मर्यादेखाली आहे, म्हणून करावे, हे वाक्य अहवालात आले, की चर्चा थांबते. जिल्ह्याकडे मात्र मर्यादा नसते. त्याच्याकडे ठरावीक रक्कम असते. आणखी २४ लाख रुपये हाती असतील आणि शेजारच्या तीन तालुक्यांत अजून पहिलाच पर्याय चालू असेल, तर त्या तिन्ही ठिकाणी तिसरा पर्याय नेण्याचा खर्चही बरोबर २४ लाख येतो, आणि त्यातून ५४ मृत्यू टळतात. एका तालुक्यातल्या विशेष कक्षातून ४ टळतात. दरडोई उत्पादनाशी केलेल्या तुलनेत हा पर्याय दिसतच नाही, कारण तिथे आपण कशाला मुकतो, याची नोंद नसते. विशेष कक्षाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. एक-सव्वा किलोच्या बाळाला कार्यकर्तीच्या पिशवीतील साधने पुरत नाहीत, आणि अशा बाळाच्या आईवडिलांना गुणोत्तर समजावून सांगता येत नाही. तो प्रश्न न्यायाचा आहे, आणि तो गणिताच्या आत लपवण्यापेक्षा गणिताच्या शेजारी उघडपणे मांडणे बरे.

खर्च-लाभ विश्लेषण याच आकड्यांना वेगळे रूप देते. एका आयुष्य-वर्षाची किंमत २ लाख रुपये धरली, तर तिसऱ्या पर्यायाने मिळालेली ५२२ वर्षे १० कोटी ४४ लाख रुपयांची होतात आणि ८ लाखांच्या खर्चाशी त्यांचे प्रमाण १३० पट पडते. चौथ्या पर्यायाच्या वाढीव ११६ वर्षांची किंमत २ कोटी ३२ लाख, आणि २४ लाखांच्या खर्चाशी प्रमाण सुमारे ९.७ पट. वर्षाची किंमत ५० हजार धरली तर हीच प्रमाणे सुमारे ३३ आणि २.४ होतात, १५ हजार धरली तर चौथ्या पर्यायाचे प्रमाण एकाच्या खाली जाऊन तो तोट्याचा ठरतो. कार्यक्रमात काहीही बदललेले नसताना निष्कर्ष बदलला, कारण बदल केवळ किमतीत झाला. ज्या किमतीला लाभ आणि खर्च बरोबरीत येतात ती चौथ्या पर्यायासाठी सुमारे २० हजार ७०० रुपये आहे, आणि हा आकडा वर येऊन गेलेला आहे : तोच त्याचा आयसर. दोन्ही पद्धतींमधला खरा फरक येथे दिसतो. आयसर ही बरोबरीची किंमत सांगून थांबतो आणि ती परवडते का, हे निर्णय घेणाऱ्यावर सोडतो. खर्च-लाभ विश्लेषण ती किंमत आधीच गृहीत धरते आणि निर्णय गणितातच आणून ठेवते. म्हणून ‘एका रुपयाला १३० रुपयांचा परतावा’ अशा धर्तीचे वाक्य वाचताना त्यातला किती भाग कार्यक्रमाचा आणि किती भाग गृहीत किमतीचा, हे पाहावे लागते.

ती किंमत कुठून येते, हेही तपासण्यासारखे आहे. एका पद्धतीत माणसाची भावी कमाई मोजली जाते. त्या मापाने पुण्यातल्या अभियंत्याचे मूल एटापल्लीतल्या शेतमजुराच्या मुलापेक्षा महाग ठरते, आणि बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी असल्याने मुलीचा जीव मुलाच्या जिवापेक्षा स्वस्त ठरतो. दुसऱ्या पद्धतीत मृत्यूचा धोका थोडा कमी करण्यासाठी लोक किती पैसे मोजायला तयार आहेत, हे विचारले जाते. पण तयारी आणि ऐपत या गोष्टी गरिबाच्या घरात वेगळ्या करता येत नाहीत. आरोग्य खात्याला ज्या समूहांसाठी काम करायचे असते, त्यांच्याच जिवाला कमी वजन देणारे माप त्या खात्याने वापरावे, हे प्रस्तुत लेखकाला पटणारे नाही, आणि आरोग्य कार्यक्रमांत परिणामकारकतेची पद्धत अधिक रुजण्यामागे ही अस्वस्थता मोठ्या प्रमाणात आहे.

तरीही खर्च-लाभ पद्धत सरसकट टाकून देता येत नाही, कारण काही प्रश्न तिच्याशिवाय सुटत नाहीत. भामरागडजवळच्या पर्लकोटा नदीवरचा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन पलीकडच्या गावांचा संपर्क तुटणे, ही वर्षानुवर्षांची गोष्ट आहे. उंच पूल बांधल्याने अडलेले बाळंतपण वेळेवर दवाखान्यात पोहोचते, पण त्याचबरोबर शाळा चालू राहते, शेतमाल बाजारात जातो, किराणा मिळतो आणि मजुरीचे दिवस वाचतात. टळलेल्या मृत्यूंनी पुलाच्या खर्चाला भागले तर पूल अत्यंत महाग आरोग्य कार्यक्रम दिसेल, आणि हे उत्तर चुकीचे आहे. अनेक खात्यांत विखुरलेले लाभ एकत्र आणायचे तर त्यांना एकाच मापात आणावे लागते आणि ते माप सध्या तरी रुपया हेच आहे. तेव्हा आरोग्य खात्याच्या ठरलेल्या रकमेतून काय निवडायचे, हा प्रश्न असेल तर आयसर. आरोग्य खात्याबाहेरच्या कामाशी तुलना असेल किंवा मुळात हे काम करावे की नाही, असा प्रश्न असेल तर खर्च-लाभ, अशी विभागणी व्यवहारात बऱ्यापैकी चालते.

शेवटी जुन्या आकड्यांच्या वापराबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. गडचिरोलीचे ९५ डॉलर आजच्या विनिमय दराने रुपयांत आणून आजच्या प्रस्तावात घालण्याचा मोह होतो, आणि महागाईची दुरुस्ती केली, की काम झाले, असे मानले जाते. पण त्या आकड्याचा तुलनाधार १९९० च्या दशकातील गाव होता. प्रयोगक्षेत्रातील सुरुवातीचा नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ६२ होता. २०२० च्या नमुना नोंदणी अहवालानुसार महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर ११ आहे, अर्थात आदिवासी भागांत तो राज्याच्या सरासरीहून अधिक असतो. एखाद्या उपायाने मृत्यू ४० टक्क्यांनी घटतात असे धरले, तर पूर्वी हजार जन्मांमागे सुमारे २५ टळले असते आणि आता सुमारे ४.४ टळतील. खर्च तोच राहिला तरी एका मृत्यूमागचा खर्च साडेपाच पटींहून अधिक होतो. शिवाय २००५ नंतर जननी सुरक्षा योजनेमुळे दवाखान्यातील बाळंतपणे वाढली, विशेष कक्ष उभे राहिले, आणि प्रयोगातल्या मुबलक देखरेखीच्या जागी आता एका गटप्रवर्तकाकडे अनेक आशा आहेत. उपाय तोच असला तरी ज्याच्याशी तुलना करायची ती परिस्थिती बदलली आहे, आणि म्हणून गुणोत्तर नव्याने काढावे लागते.

जिल्ह्याचा वार्षिक कृती आराखडा तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणूनच एक विनंती करावीशी वाटते. प्रत्येक प्रस्तावात खर्च आणि अपेक्षित फलित यांच्या आधी एक रकाना तुलनेच्या पर्यायासाठी ठेवावा, त्यात ‘काही नाही’ असे न लिहिता आज तालुक्यात प्रत्यक्ष जे चालू आहे ते लिहावे, आणि ज्या संस्थेच्या किंवा सल्लागाराच्या अहवालात तो रकाना रिकामा असेल तो अहवाल स्वीकारण्यापूर्वी परत पाठवावा.